उशिरा येणाऱ्या लहरीसाठी राखलेली जागा

अ‍ॅनालॉग टीव्हीच्या काळात छपरावरच्या अँटेनाला एकच लहर दोनदा मिळाली, की पडद्यावर माणसाशेजारी त्याची फिकी सावली उभी राहायची. थेट आलेली लहर आधी पोचे आणि एखाद्या उंच इमारतीवर आपटून आलेली थोडी मागून. लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे 300 मीटर जाते आणि तेवढ्या वेळात पडद्यावरची रेघ जवळजवळ पन्नासाव्या भागाइतकी पुढे सरकलेली असते. त्यामुळे 300 मीटरचा वळसाही डोळ्यांना दिसायचा. दोन ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर शेजारी शेजारी चालवणे तर अशक्यच होते, कारण दुसऱ्या ट्रान्समीटरची लहर म्हणजे तितकीच जोरकस सावली. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम सिंहगडावरून पुण्याला दिसत, तेही वेगळ्या चॅनेलवर. डिजिटल प्रक्षेपणाने हा नियम मोडला. एका शहराभोवतीचे, किंवा एका प्रांतातले, सगळे मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकच कार्यक्रम सोडतात आणि तरीही चित्र स्वच्छ राहते. या रचनेला सिंगल फ्रिक्वेन्सी नेटवर्क म्हणतात. प्रतिध्वनी इथे पुसला जात नाही. त्याच्या उशिराला मर्यादा घातली जाते आणि त्या मर्यादेत तो आला तर त्याची ऊर्जा उपयोगी पडते. या जाळ्याचे यशापयश ट्रान्समीटरच्या ताकदीपेक्षा काही मायक्रोसेकंदांच्या हिशोबावर ठरते.

हा हिशोब बर्लिनच्या उदाहरणात नीट दिसतो. 4 ऑगस्ट 2003 रोजी बर्लिन-ब्रांडेनबुर्ग भागाने जमिनीवरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण पूर्ण बंद केले. असे करणारा तो जगातला पहिला प्रदेश. तिथल्या डिजिटल जाळ्याचे दोन मुख्य खांब होते: शहराच्या मध्यावर अलेक्झांडरप्लाट्झचा टीव्ही मनोरा आणि नैर्ऋत्येला पोट्सडामच्या वाटेवर शेफरबर्ग टेकडीवरचा मनोरा. दोघांमधले सरळ अंतर सुमारे 22 किलोमीटर, म्हणजे लहरीला 74 मायक्रोसेकंद. त्रिकोणाच्या दोन बाजूंमधला फरक तिसऱ्या बाजूपेक्षा कधीच मोठा नसतो, हे शाळेतले भूमितीचे सूत्र इथे थेट लागू पडते. दोन्ही मनोरे अचूक एकाच क्षणी बोलत असतील, तर प्रेक्षक कुठेही बसला तरी त्याला मिळणाऱ्या दोन लहरींमधला फरक 74 मायक्रोसेकंदांच्या वर जाऊच शकत नाही. दोघांच्या बरोबर मध्ये तो शून्य असतो. कोणत्याही एका मनोऱ्याच्या पायथ्याशी, किंवा त्याच रेषेत त्याच्या पलीकडे, तो पूर्ण 74 होतो. म्हणजे अभियंत्याला सोसायच्या उशिराची कमाल मर्यादा नकाशावरूनच कळते.

आता तो उशीर सोसायचा कसा? डीव्हीबी-टी या युरोपीय पद्धतीत माहिती एका वेगवान धारेत पाठवत नाहीत. ती 6817 संथ कॅरिअरवर वाटून देतात. प्रत्येक कॅरिअर 896 मायक्रोसेकंदांपर्यंत आपली अवस्था बदलत नाही. या कालखंडाला सिम्बॉल म्हणतात. एकमेकांपासून साधारण 1116 हर्ट्झ अंतरावर बसवलेले हे कॅरिअर एकमेकांत मिसळत नाहीत, याचे कारण असे, की 896 मायक्रोसेकंदांच्या मापात प्रत्येकाची आवर्तने पूर्णांकात बसतात. माप तेवढेच घेतले तर शेजाऱ्याचा वाटा शून्यावर येतो. उशिरा आलेली लहर हीच गोष्ट बिघडवते, कारण मागच्या सिम्बॉलचे शेपूट पुढच्या सिम्बॉलच्या मापात शिरते. यावर उपाय म्हणून प्रत्येक सिम्बॉलच्या आधी काही वेळ राखून ठेवतात. तो गार्ड इंटरव्हल. बर्लिनने सिम्बॉलच्या एक अष्टमांश, म्हणजे 112 मायक्रोसेकंद राखले. पहिली लहर आल्यावर रिसीव्हर तेवढा वेळ ऐकतो, पण मोजत नाही. मागच्या सिम्बॉलची शेपटे त्या वेळात विरून जातात आणि मग 896 मायक्रोसेकंदांचे माप सुरू होते.

राखलेल्या वेळात नुसती शांतता का ठेवत नाहीत, ही शंका रास्त आहे. वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी 1971 मध्ये ही पद्धत संगणकीय रूपात मांडली तेव्हा मोकळीच जागा सोडली होती. पण शांतता ठेवली की नवी अडचण येते. उशिरा आलेल्या लहरीचा सिम्बॉल मापाच्या सुरुवातीला सुरूच झालेला नसतो. त्यामुळे तिची आवर्तने मापात अपुरी पडतात आणि कॅरिअर एकमेकांत सांडू लागतात. पेलेड आणि रुइझ यांनी 1980 मध्ये याचे उत्तर दिले: सिम्बॉलच्या शेवटचाच तुकडा उचलून त्याची नक्कल पुढे जोडायची. जपमाळेची फेरी कुठल्याही मण्यापासून सुरू केली तरी मणी 108 च भरतात, तसे इथे होते. सिम्बॉल वर्तुळासारखा झाल्यामुळे लहर 10 मायक्रोसेकंद उशिरा येवो की 74, मापाच्या चौकटीत तिची आवर्तने पूर्णच सापडतात. फरक पडतो तो फक्त प्रत्येक कॅरिअरच्या कोनात आणि उंचीत. तो फरक ओळखण्यासाठी सिम्बॉलमध्ये ठराविक जागी ओळखीचे कॅरिअर, म्हणजे पायलट, पेरलेले असतात. त्यांच्यावरून रिसीव्हर प्रत्येक कॅरिअरची दुरुस्ती एका भागाकाराने करतो. दूरच्या मनोऱ्याची लहर आणि जवळच्या भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी यांत त्याला काही भेद नसतो. या साऱ्या तंत्राचा गाभा हाच आहे.

या सोयीची किंमत मोजावी लागते आणि त्यावर आक्षेपही आहे. बर्लिनमध्ये एका चॅनेलमधून 14.75 मेगाबिट प्रतिसेकंद माहिती जात होती. गार्ड इंटरव्हल एक बत्तिसांश ठेवला असता, तर हाच आकडा 16.09 झाला असता. मग क्षमता वाया का घालवायची? गार्ड आखूड करून दोन मनोऱ्यांना दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी द्याव्यात, असे कुणी म्हणेल. पण एक बत्तिसांश म्हणजे 28 मायक्रोसेकंद, जेमतेम साडेआठ किलोमीटर. तेवढ्यात दुसरा मनोरा बसत नाही. वेगळी फ्रिक्वेन्सी द्यायची तर प्रत्येक कार्यक्रमसंचाला 8 मेगाहर्ट्झचा आणखी एक पट्टा लागला असता, म्हणजे नऊ टक्के वाचवण्यासाठी दुप्पट स्पेक्ट्रम खर्च. एक षोडशांशही पुरला नसता. ते 56 मायक्रोसेकंद होतात, म्हणजे 17 किलोमीटरांहून थोडे कमीच. मानकात उपलब्ध असलेल्या पर्यायांपैकी 74 ला सामावून घेणारा सर्वांत स्वस्त पर्याय एक अष्टमांश हाच होता. उरलेले 38 मायक्रोसेकंद इमारतींवरच्या प्रतिध्वनींसाठी होते. ब्रिटनने 1998 मध्ये सुरुवात केली तेव्हा 1705 कॅरिअरचा, 224 मायक्रोसेकंदांचा आखूड सिम्बॉल निवडला होता. त्यात सर्वांत मोठा गार्ड घेतला तरी तो 56 मायक्रोसेकंदांवर थांबतो. बर्लिनसारखे जाळे त्यात उभे राहिले नसते. गार्डची लांबी सोसायच्या उशिरावरून ठरते, पण त्याचे ओझे किती वाटेल हे सिम्बॉलच्या लांबीवरून ठरते. म्हणून लांब सिम्बॉल हाच खरा उपाय. मात्र त्याचेही एक बंधन आहे: कॅरिअर जवळजवळ येतात, आणि वेगाने धावणाऱ्या गाडीतल्या रिसीव्हरला डॉप्लर परिणामामुळे त्रास लवकर सुरू होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दोन लहरी सारख्याच ताकदीच्या आल्या, तर काही कॅरिअरवर त्या एकमेकींना पुष्टी देतात आणि काहींवर विरुद्ध दिशेने भिडून जवळजवळ संपवतात. फरक 10 मायक्रोसेकंदांचा असेल, तर दर 100 किलोहर्ट्झला असा एक खड्डा पडतो. गार्ड इंटरव्हल हे खड्डे बुजवू शकत नाही. ते काम चूक सुधारणाऱ्या कोडचे. माहितीचे बिट कोडने विणून दूरदूरच्या कॅरिअरवर विखुरलेले असतात, म्हणून खड्ड्यात गेलेले बिट धडधाकट कॅरिअरवरच्या बिटांवरून परत मिळवता येतात. तरी त्याची किंमत पडते. बर्लिनच्या 16-क्यूएएम, दोन तृतीयांश कोड या रचनेला एकच स्वच्छ लहर मिळाली, तर ती गोंगाटापेक्षा 11.1 डेसिबेल वर असणे पुरते. पुष्कळ प्रतिध्वनींच्या कठीण परिस्थितीत मानक 14.2 मागते. दोन समान लहरींनी एकूण शक्ती दुप्पट होते, म्हणजे 3 डेसिबेल मिळतात, आणि तेवढेच जवळजवळ हातचे जातात. त्यामुळे दोन मनोऱ्यांच्या बरोबर मधल्या पट्ट्यात दुसऱ्या मनोऱ्याने सिग्नल सुधारला असे म्हणता येत नाही. खरा लाभ इतरत्र आहे. घरातल्या टेबलावर छोटी काडी-अँटेना ठेवून पाहणाऱ्याला एका मनोऱ्याची लहर इमारतीआड गेली, तर दुसऱ्याची दुसऱ्या दिशेने मिळते. दोन्ही एकाच वेळी आडोशात जाण्याची शक्यता कमी असते. बर्लिनला असे घरगुती ग्रहण हवेच होते, आणि म्हणून मला तिथली निवड योग्य वाटते.

हे सगळे उभे आहे ते दोन्ही मनोरे एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, तेच बिट सोडतात या अटीवर. स्टुडिओकडून येणारी धार एका मनोऱ्याला लवकर पोचते, दुसऱ्याला उशिरा. म्हणून केंद्रातला अ‍ॅडॅप्टर त्या धारेत एक विशेष पॅकेट घालतो. जीपीएसच्या दर सेकंदाच्या ठोक्यापासून मोजलेली वेळ त्यात 100 नॅनोसेकंदांच्या एककात लिहिलेली असते. प्रत्येक मनोरा ती वाचून, लवकर आलेली धार थांबवून ठेवतो आणि ठरलेल्या क्षणी सोडतो. एका मनोऱ्याचे घड्याळ समजा 50 मायक्रोसेकंदांनी घसरले, तर 74 चा फरक एका बाजूला 124 होतो, म्हणजे 112 च्या बाहेर. बिघाडाची खूण अशी, की सिग्नलची ताकद दाखवणारी पट्टी भरलेली असते, पण चित्राचे चौकोन तुटतात, कारण गार्डबाहेर आलेली ऊर्जा स्वतःच गोंगाट होते. अशा वेळी ट्रान्समीटरची शक्ती वाढवणे हा चुकीचा इलाज ठरतो. तज्ज्ञ पायलटवरून काढलेला आलेख पाहतो, ज्यात कोणती लहर किती मायक्रोसेकंदांनी आणि किती जोरात आली ते दिसते, आणि मग त्या मनोऱ्याचा विलंब दुरुस्त करतो. कधी दोष रिसीव्हरचाही असतो. क्षीण लहर आधी आणि जोरकस मागून येते, तेव्हा फक्त जोरकस लहरीवरून माप सुरू करणारा रिसीव्हर गार्डच्या आतल्या प्रतिध्वनीलाही बळी पडतो.

मोठ्या जाळ्यात भूमितीचा हा दिलासा टिकत नाही. शेकडो किलोमीटर पसरलेल्या मनोऱ्यांमध्ये दूरच्या एखाद्याची लहर गार्डबाहेर येणारच. ती क्षीण राहील अशी व्यवस्था अँटेनाची दिशा, झुकाव आणि मुद्दाम ठेवलेला विलंब यांनी करावी लागते. मुंबई दूरदर्शनचा वरळीचा मनोरा ते सिंहगड हे अंतर सुमारे 122 किलोमीटर, म्हणजे 407 मायक्रोसेकंद. डीव्हीबी-टीचा सर्वांत मोठा गार्ड 224 चा, त्यामुळे त्या मानकात या दोन जागांचा निव्वळ भूमितीवर मेळ बसत नाही. दूरदर्शनने मुंबईत वापरलेल्या डीव्हीबी-टी2 या नव्या मानकात मात्र सिम्बॉल 3584 मायक्रोसेकंदांपर्यंत लांबवता येतो. त्याचा एक अष्टमांश गार्ड 448 मायक्रोसेकंदांचा होतो आणि त्यात 407 सामावतात. बर्लिननेही 29 मार्च 2017 रोजी डीव्हीबी-टी2 स्वीकारले. जुन्या पद्धतीत 112 मायक्रोसेकंदांचा गार्ड प्रक्षेपणाच्या एकूण वेळेचा नववा भाग घेत असे. नव्या मानकाच्या सर्वांत लांब सिम्बॉलमध्ये त्याच 112 ला तेहतिसावा भाग पुरतो.