वॉरंटीची तरतूद आणि दाव्यांचा इतिहास

मालावर दोन वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी विक्रीच्या दिवशीच एक खर्चही अंगावर घेते. तो किती असेल हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसते. कुठल्या पंपाचे वाइंडिंग जळेल, कुठल्याचे सील गळेल हे सांगता येत नाही. हजारो पंपांपैकी काही बिघडणार, एवढे मात्र नक्की. म्हणून हिशेबाचा नियम असा, की हा खर्च ज्या वर्षी विक्री झाली त्याच वर्षी अंदाजाने धरायचा आणि त्यातला जो भाग अजून भागवायचा आहे तो ताळेबंदात देणे म्हणून दाखवायचा. हीच वॉरंटीची तरतूद. भारतात मोठ्या कंपन्यांसाठी हा नियम इंड एएस ३७ या लेखामानकात आहे. ज्या कंपन्यांना ते लागू नाही, त्यांच्यासाठी तो एएस २९ मध्ये आहे.

करकायद्यातही हा प्रश्न गाजला. व्हॉल्व्ह उघडझाप करणारी अ‍ॅक्च्युएटर यंत्रे बनवणारी रोटॉर्क कंट्रोल्स इंडिया ही कंपनी उलाढालीच्या दीड टक्का रक्कम वॉरंटीसाठी बाजूला ठेवत असे. तिची वॉरंटी यंत्र चालू झाल्यापासून १२ महिने किंवा माल पाठवल्यापासून १८ महिने, यांपैकी जे आधी संपेल तोवर होती. प्रत्यक्ष दावा येण्याआधीचा हा खर्च करासाठी वजा करता येईल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण त्याचा सगळा आधार मागील वर्षांच्या अनुभवावर होता. माल मोठ्या संख्येने विकला जातो, त्यातले काही नग सदोष निघतात असा इतिहास आहे आणि अंदाज त्या इतिहासावर बेतलेला आहे, तर ती तरतूद ग्राह्य. इतिहासाशिवाय ठोकून दिलेल्या टक्केवारीला हे संरक्षण नाही.

ऑडिटरचे काम नेमके इथे सुरू होते. टक्केवारी इतिहासाशी जुळते का? प्रश्न सोपा वाटतो, पण चुकीच्या पद्धतीने विचारला तर उत्तरही हमखास चुकीचे, आणि बहुधा कंपनीला सोयीचे, येते. एका कल्पित उदाहरणातून हे स्पष्ट होईल.

समजा, शेतीपंप बनवणारी एक कंपनी विक्रीच्या तारखेपासून दोन वर्षांची वॉरंटी देते आणि दरवर्षी विक्रीच्या २ टक्के तरतूद करते. २०२४-२५ मध्ये तिची विक्री ८० कोटी रुपये झाली आणि वॉरंटीच्या दाव्यांवर १ कोटी ६३ लाख रुपये खर्च झाले. हिशेब विभाग भागाकार मांडतो: ८० कोटींचे २.०४ टक्के. तरतूद २ टक्के, खर्च २.०४ टक्के, म्हणजे अंदाज तंतोतंत. ऑडिटच्या फाइलमध्ये असा एक तक्ता लावून विषय मिटवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

या भागाकारातली खोच अशी की वरची आणि खालची रक्कम एकाच मालाची नाही. त्या वर्षी आलेले बरेचसे दावे आधीच्या दोन वर्षांत विकलेल्या पंपांचे आहेत, आणि तेव्हा विक्री कमी होती. विक्री वाढत असलेल्या कंपनीत कालच्या मालाचे दावे आजच्या फुगलेल्या विक्रीने भागले जातात, आणि बिघाडाचा दर खरा आहे त्याहून लहान दिसतो. विक्री घसरत असेल तर याच्या उलट होते.

म्हणून ऑडिटर प्रत्येक दावा तो पंप ज्या वर्षी विकला गेला त्या वर्षाच्या खाती टाकतो. त्यासाठी दाव्यातल्या पंपाचा अनुक्रमांक आणि विक्रीची तारीख लागते. पंप वर्षभर विकले जात असल्याने दोन वर्षांची वॉरंटी तीन आर्थिक वर्षांत पसरते. अशी मांडणी केल्यावर आपल्या कंपनीचे चित्र पुढीलप्रमाणे दिसते. विक्री कोटींत, दावे लाखांत आहेत.

| विक्रीचे वर्ष | विक्री | त्याच वर्षी दावे | दुसऱ्या वर्षी | तिसऱ्या वर्षी |
|---|---|---|---|---|
| २०२१-२२ | ४० | १६ | ४० | २४ |
| २०२२-२३ | ५० | २० | ६० | ४५ |
| २०२३-२४ | ६० | ३० | ७८ | अजून यायचे |
| २०२४-२५ | ८० | ४० | अजून यायचे | अजून यायचे |

२०२१-२२ च्या मालावर एकूण ८० लाख खर्च झाले, म्हणजे बरोबर २ टक्के. कंपनीचा दर कधीकाळी खरा होता तो असा. पुढच्या वर्षीच्या मालावर मात्र १ कोटी २५ लाख गेले, म्हणजे अडीच टक्के. २०२३-२४ च्या मालाचे एक वर्ष अजून बाकी असताना त्याने १.८ टक्का गाठलाही आहे.

आता ३१ मार्च २०२५ ला किती देणे उरले ते काढता येते. ताज्या अनुभवानुसार दुसऱ्या वर्षी १.३ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ०.९ टक्के दावे येतात. २०२३-२४ च्या ६० कोटींवर तिसऱ्या वर्षाचे ५४ लाख यायचे आहेत. २०२४-२५ च्या ८० कोटींवर दुसऱ्या वर्षाचे १ कोटी ४ लाख आणि तिसऱ्या वर्षाचे ७२ लाख. बेरीज २ कोटी ३० लाख. ताज्या दरांऐवजी उपलब्ध शेवटच्या दोन-दोन आकड्यांची सरासरी घेतली, तर दुसऱ्या वर्षाला १.२५ आणि तिसऱ्या वर्षाला ०.७५ टक्के दर येतो आणि देणे २ कोटी ५ लाखांवर उतरते. या दोहोंमधला कुठलाही आकडा वाजवी म्हणता येईल.

पुस्तकात किती आहे? वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक १ कोटी १० लाख, त्यात नवी तरतूद १ कोटी ६० लाख, त्यातून दाव्यांचे १ कोटी ६३ लाख वजा. उरले १ कोटी ७ लाख. वाजवी पट्ट्याच्या खालच्या टोकापर्यंत पोचायलाही ९८ लाख कमी पडतात. ऑडिटर स्वतःचा पट्टा काढतो तेव्हा किमान एवढी चूक त्याला धरावीच लागते. वॉरंटी देणाऱ्या मालाची विक्री एक तृतीयांशाने वाढली असताना तिचे देणे तीन लाखांनी घटलेले दिसते, ही विसंगती तर कुठलाही तक्ता न मांडता लक्षात यायला हवी होती.

याहून सोपी आणि कदाचित सर्वांत बोलकी चाचणी मागे वळून पाहण्याची आहे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने तोवर विकलेल्या सगळ्या मालासाठी १ कोटी १० लाख राखले होते. त्याच जुन्या मालावर पुढच्या एका वर्षात ४५ आणि ७८ मिळून १ कोटी २३ लाख खर्च झाले. म्हणजे दोन वर्षे पुरायची शिल्लक वर्षभरातच संपली, आणि ५४ लाखांचे दावे अजून उरलेच. गेल्या वर्षीच्या अंदाजाचे पुढे काय झाले हे तपासणे ऑडिटविषयक मानक एसए ५४० ला अपेक्षितच आहे. एका वर्षाची तफावत म्हणजे चूक असे नाही, कारण अंदाज थोडाफार चुकतोच. तो दरवर्षी एकाच बाजूला, तेही नफा फुगवणाऱ्या बाजूला, चुकत असेल तर प्रश्न अंदाज करणाऱ्यांच्या कलाचा होतो.

हे सगळे गणित क्लेम रजिस्टरवर उभे आहे, आणि ते रजिस्टरच अपुरे असू शकते. सर्व्हिस सेंटरचे मजुरीचे बिल वॉरंटी खात्यात येते, पण बदलून दिलेला इम्पेलर स्टोअरमधून निघून उत्पादनाच्या मालखर्चात मिसळतो. डीलरला दिलेली भरपाई पुढच्या बिलातील सवलत म्हणून विक्रीतून वजा होते. असे झाले की इतिहासच खोटा कमी दिसतो. म्हणून ऑडिटर सर्व्हिस सेंटरची काही जॉब कार्डे निवडतो आणि त्यांतली प्रत्येक दुरुस्ती, सुट्या भागांसकट, रजिस्टरमध्ये पोचली का ते पाहतो. नंतर उलट्या दिशेने, रजिस्टरमधल्या नोंदींवरून जॉब कार्डापर्यंत जातो. पहिल्या फेरीत गाळलेले दावे सापडतात, दुसरीत बनावट किंवा चुकीच्या वर्षाला लावलेले. वॉरंटी संपल्यावरही चांगल्या ग्राहकाला फुकट दुरुस्ती करून देण्याची कंपनीची रूढ पद्धत असेल, तर तो खर्चही अंदाजात यावा लागतो, कारण ग्राहकांनी तशी अपेक्षा धरलेली असते. सदोष सील पुरवणारा पुरवठादार पैसे परत देणार असेल, तर ती रक्कम तरतुदीतून परस्पर वजा होत नाही. ती मिळणे जवळजवळ निश्चित असेल तरच ताळेबंदात वेगळी मालमत्ता म्हणून दाखवता येते.

व्यवस्थापन अर्थातच आपली बाजू मांडते. या उदाहरणात ठरीव उत्तर असे असेल: २०२२ मध्ये सीलचा पुरवठादार बदलला म्हणून बिघाड वाढले, आता जुना पुरवठादार परत आणला आहे, म्हणून २ टक्के पुरेत. हे खरेही असू शकते. मात्र तोंडी खुलाशावर न थांबता ऑडिटर पुरवठादाराच्या खरेदी आदेशांची तारीख बघतो, बदललेले सील किती पंपांत बसले ते मोजतो आणि मग तक्त्याकडे परत येतो. २०२४-२५ च्या मालावर पहिल्याच वर्षी अर्धा टक्का दावे आले आहेत, अगदी आदल्या वर्षाइतकेच. सुधारणा झाली असेल तर ती निदान या आकड्यात दिसलेली नाही. ताळेबंदाची तारीख आणि ऑडिटरची सही यांच्यामध्ये एप्रिल, मे, जूनचे दावे आलेले असतात. जुन्या मालावरचे हे ताजे दावे व्यवस्थापनाच्या म्हणण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निःपक्षपाती परीक्षा घेतात.

इतिहासाची मर्यादाही मोठी आहे. नवे उत्पादन असेल तर इतिहासच नसतो, आणि रचनेतच दोष निघाला तर जुने दर निरुपयोगी ठरतात. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बाजारात आणला. तीन लाल दिवे लुकलुकून यंत्र बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्यावर जुलै २००७ मध्ये कंपनीला त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि १.०५ ते १.१५ अब्ज डॉलरचा खर्च एकदम धरावा लागला. अशा वेळी ऑडिटर टक्केवारी सोडून सदोष नगांची संख्या, त्यांतले किती परत येतील आणि प्रत्येकामागे किती खर्च येईल, असा वेगळा हिशेब मागतो. सर्व्हिस विभागाला अशा दोषाची कुणकुण हिशेब विभागाच्या कितीतरी आधी लागते, म्हणून ऑडिटरने तिथल्या अभियंत्यांशी बोलणे टाळू नये.

तूट मान्य झाल्यावर ती कुठल्या वर्षाच्या माथी मारायची हे ठरवायचे राहते. नव्या माहितीमुळे अंदाज बदलला असेल तर सगळा फरक चालू वर्षाच्या नफ्यातून जातो. मात्र गेल्या वर्षीचे हिशेब पक्के होण्याआधीच २०२२-२३ च्या मालाचे दुसऱ्या वर्षाचे ६० लाख, म्हणजे १ टक्क्याऐवजी १.२ टक्का, रजिस्टरमध्ये दिसत होते. हाती असलेली ही माहिती वापरली नाही, असे ठरले आणि रक्कम महत्त्वाची असली, तर तेवढा भाग मागील काळातील चूक ठरतो आणि आदल्या वर्षाचे आकडे दुरुस्त करून पुन्हा छापावे लागतात. कंपनी पहिला पर्याय सुचवते, आणि दुसरा लागू का होत नाही हे कागदावर सिद्ध करण्याची अट ऑडिटर घालतो.