ब्रेसेनहॅमची रेषा आणि वर्तुळ: चौकटीच्या वहीवर

संगणकाच्या पडद्यावरची तिरकी रेषा म्हणजे पायऱ्यांसारखी मांडलेली ठिपक्यांची रांग. रेषेचा चढ ४५ अंशांपेक्षा जास्त नसेल, तर प्रत्येक पावलाला x एकने वाढतो. y तसाच ठेवायचा की एकने वाढवायचा, एवढेच ठरवायचे असते. जॅक ब्रेसेनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी अशी रीत बसवली, की हा निर्णय एका पूर्णांकाच्या चिन्हावरून व्हावा. अपूर्णांक नसल्यामुळेच ती प्रात्यक्षिक परीक्षेत कागदावर करता येते.

(२,३) ते (१०,८) ही रेषा घेऊ. येथे dx = ८ आणि dy = ५. पहिली निर्णयसंख्या p = 2dy − dx, म्हणजे २. p ऋण असेल, तर खरी रेषा वरच्या व खालच्या ठिपक्यांच्या मध्याखाली आहे. म्हणून y तसाच ठेवून p मध्ये 2dy, म्हणजे १० मिळवायचे. नाहीतर y एकने वाढवून p मधून १६ − १०, म्हणजे ६ वजा करायचे. मध्य म्हटला की अर्धा आलाच. तो टाळण्यासाठी सगळेच दुप्पट केले आहे.

आता p चे मूल्य २, −४, ६, ०, −६, ४, −२, ८ असे बदलत जाते आणि ठिपके (३,४), (४,४), (५,५), (६,६), (७,६), (८,७), (९,७), (१०,८) असे पडतात. शेवटी p पुन्हा २ होतो. हा योगायोग नव्हे: तीनदा १० मिळवले, पाचदा ६ वजा केले. p मूळ मूल्यावर परतला नाही, तर बेरीज कोठेतरी चुकली आहे.

x = ६ जवळ p शून्य झाला, कारण तेथे रेषेची खरी उंची ५.५ आहे. शून्याला वर चढायचे की नाही, यावर पुस्तकांत एकमत नाही. (६,५) लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. हीच रेषा उलट टोकाकडून काढली तरी (६,५) च येतो.

वर्तुळात मात्र जास्त जण अडखळतात. त्रिज्या ८ घेतली, तर (०,८) पासून आरंभ आणि d = 3 − 2r = −१३. d ऋण असेल तर 4x + 6 मिळवायचे, नाहीतर 4(x − y) + 10 मिळवून y एकने कमी करायचा. सूत्रातले x, y हे पाऊल टाकण्यापूर्वीचे असतात. ठिपके (१,८), (२,८), (३,७), (४,७), (५,६) असे येतात. पुढे x हा y पेक्षा मोठा होतो म्हणून थांबायचे. उरलेले सात अष्टमांश आरशातल्या प्रतिमेसारखे मिळतात. नवा x घातला तर (४,७) ऐवजी (४,६) येतो. पडताळणी सोपी आहे: १६ + ४९ = ६५, म्हणजे ६४ ला अगदी लागून; १६ + ३६ = ५२ मात्र बरेच दूर.