‘ती गेली’चं ‘मी जाते’ करताना

लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत असा एखादा परिच्छेद असतोच. त्यात घटना असते, धोका असतो, माणूस असतो, पण वाचताना काहीच घडत नाही. उदाहरणासाठी मी एक परिच्छेद मुद्दाम तसाच लिहिला आहे:

‘त्या दिवशी सकाळपासून जोराचा पाऊस पडत होता. वंदना संध्याकाळी शाळेतून घरी जायला निघाली होती. ओढ्याजवळ पोहोचल्यावर तिला दिसले की, फरशी पुलावरून पाणी वाहत आहे. पाणी फारसे खोल नसावे, असे तिला वाटले. घरी आई आजारी असल्याने तिला काळजी वाटत होती. म्हणून तिने गाडी पाण्यात घातली. पुलाचा मधला भाग वाहून गेला होता, हे तिला माहीत नव्हते. थोडे पुढे गेल्यावर पाण्याचा जोर वाढल्याचे तिच्या लक्षात आले. ती खूप घाबरली. शेवटी गाडी सोडून ती कशीबशी माघारी आली.’

व्याकरण शुद्ध आहे, क्रम नीट आहे. तरीही हे पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं वाटतं. अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: ‘ती’ काढून ‘मी’ घाल आणि भूतकाळाचा वर्तमानकाळ कर, म्हणजे प्रसंग जिवंत होईल. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. तो शब्दशः पाळला तर काय होतं, ते पाहू:

‘त्या दिवशी सकाळपासून जोराचा पाऊस पडत असतो. मी संध्याकाळी शाळेतून घरी जायला निघालेली असते. ओढ्याजवळ पोहोचल्यावर मला दिसते की, फरशी पुलावरून पाणी वाहत असते. पाणी फारसे खोल नसावे, असे मला वाटते. पुलाचा मधला भाग वाहून गेलेला असतो, हे मला माहीत नसते. मी खूप घाबरते.’

काळ बदलला, माणूस बदलला, पण पाणी काही अंगावर आलं नाही. उलट कोणी तरी पाहून आलेल्या सिनेमाची गोष्ट सांगतंय, असं वाटतं. त्याचं कारण मराठीच्या क्रियापदात आहे. आपल्याकडे वर्तमानकाळ एकच नाही. ‘पाऊस पडतो’, ‘पाऊस पडतो आहे’ आणि ‘पाऊस पडत असतो’ ही तीन वेगळी रूपं आहेत. तिसरं रूप नेहमी घडणाऱ्या गोष्टींसाठी किंवा कथानकाचा सारांश सांगण्यासाठी वापरतात. ‘नायक शहरातून परतलेला असतो, घरात कोणी नसतं’ असं आपण सिनेमाबद्दल बोलतो, कारण सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. ‘होता’च्या जागी यांत्रिकपणे ‘असतो’ घातलं की प्रसंग जवळ येण्याऐवजी आणखी लांब जातो. डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीला ‘आहे’ लागतो: ‘पडतो आहे’, बोलीत ‘पडतोय’. म्हणून आपल्या लेखनातला प्रत्येक ‘असतो’, ‘असते’ शोधून तो तिथे खरोखर हवा आहे का, हे पाहावं.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ‘पुलाचा मधला भाग वाहून गेलेला असतो, हे मला माहीत नसते’ हे वाक्य कोण बोलतंय? जिला माहीत नाही, ती हे बोलूच शकत नाही. मूळ परिच्छेदात हे वाक्य चालत होतं, कारण तिथे सांगणारा वेगळा होता आणि प्रसंग घडून गेल्यावर सांगत होता. ‘मी’ आणि वर्तमानकाळ घेतला की हे मागाहून मिळालेलं ज्ञान हातातून जातं. माझ्या मते या बदलाचा सगळा अर्थ इथेच आहे. काळ आणि पुरुष बदलणं म्हणजे सांगणाऱ्याला काय ठाऊक आहे, ते बदलणं. प्रत्यय बदलले आणि ज्ञान तेवढंच ठेवलं, तर परिच्छेद होता तसाच राहतो.

म्हणून प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारायचा: या क्षणी, या जागी तिला हे कळतंय का? ‘त्या दिवशी’ हे नंतरचं बोलणं आहे, ते जाईल. वाहून गेलेला भाग तिला पुढचं चाक खाली गेल्यावरच कळेल, तर वाचकालाही तेव्हाच कळू द्यावा. ‘शेवटी’ आणि ‘कशीबशी’ हे निकाल लागल्यावरचे शब्द आहेत, तेही जातील.

हाच प्रश्न पुढे नेला की ‘मला दिसते की’, ‘मला वाटते’, ‘माझ्या लक्षात येते’ हे तुकडेही खटकू लागतात. पाणी बघणारी बाई मनात ‘मला पाणी दिसतंय’ असं म्हणत नाही. तिला थेट पाणी दिसतं. पाहणारी कोण, हे ‘मी’ने एकदा ठरवलं की प्रत्येक दृश्याला तिची पावती जोडायची गरज उरत नाही. ‘पाणी फारसे खोल नसावे, असे मला वाटते’ऐवजी ‘घोटाभरच असेल’ एवढं पुरतं. ‘असेल’मध्ये अंदाजही आला आणि ती स्वतःची समजूत घालतेय, तेही आलं.

‘घाबरली’ हा शब्दही निकालच आहे. घाबरलेल्या माणसाचं लक्ष भीतीकडे नसतं. ते एखाद्या वस्तूवर खिळलेलं असतं. त्यामुळे वंदना काय मोजते, काय शोधते, हे लिहायला हवं. इथे नवशिक्यांच्या हातून उलट चूकही होते. ‘माझा चेहरा पांढराफटक पडतो’ असं ते लिहितात. आरसा नसताना स्वतःचा चेहरा कोणाला दिसतो? ‘मी’ घेतला की लिहिणाऱ्याला बाहेर उभं राहता येत नाही.

हे सगळं केल्यावर परिच्छेद असा होतो:

‘पाऊस सकाळपासून थांबलेला नाही. ओढ्याशी येते तर फरशी कुठेच नाही, नुसतं तांबडं पाणी. कडेचे चुना मारलेले दगड मात्र अजून वर आहेत. म्हणजे घोटाभरच असेल. सकाळी निघताना आई खोकत होती, औषधही घेतलं नाही. मी गाडी पाण्यात घालते. पहिला दगड. दुसरा. पाणी पायाला गार लागतं, मग चाक बाजूला ओढल्यासारखं होतं आणि हँडल वळायला लागतं. तिसरा दगड कुठाय? आत्ता तर इथे होता. पुढचं चाक खाली जातं, खाली, अजून खाली. हँडल सुटतं. दुसऱ्या दगडाला दोन्ही हात घालते. गाडी आडवी होते, आरसा एकदा वर दिसतो, मग तोही नाही.’

मूळ मजकुरातलं काय गेलं आणि काय आलं, ते पाहण्यासारखं आहे. चुन्याचे दगड मुळात नव्हते. ते सजावटीसाठी आणलेले नाहीत. पाण्याखालची फरशी दिसत नसताना वंदना खोली कशावरून ठरवेल, हा प्रश्न पडल्यामुळे ते आले. तेच दगड पुढे पाणी वाढल्याचं मोजमाप झाले, म्हणून ‘पाण्याचा जोर वाढला’ हे वाक्य लागलं नाही. आईचा आजार कारण म्हणून सांगितलेला नाही. तो आठवण म्हणून आला, म्हणून वाक्यातला ‘म्हणून’ही गळला. काळांची वाटणीही सोपी झाली. मुळात चालू गोष्टीही ‘होत्या’ आणि आधीच्या गोष्टीही ‘होत्या’. आता चालू प्रसंग वर्तमानात असल्यामुळे ‘खोकत होती’ हे एकच ‘होती’ खऱ्या भूतकाळासाठी मोकळं राहिलं.

मराठीपुरती आणखी एक बारकाईची गोष्ट. ‘तिने गाडी पाण्यात घातली’ यात क्रियापद गाडीप्रमाणे चालतं. ‘मी गाडी पाण्यात घालते’ म्हटलं की ते करणारीप्रमाणे चालतं, आणि बोलणारी बाई आहे हेही त्याच शब्दात कळतं. वर्तमानकाळात कृती पुन्हा करणाऱ्याच्या हाती येते, ती अशी. येणं-जाणंही नीट तपासावं लागतं. ‘ओढ्याशी येते’ म्हणताना बोलणारी ओढ्याशी उभी असते, ‘ओढ्याशी जाते’ म्हटलं तर सांगणारा दुसरीकडे कुठे तरी राहतो. दृष्टिकोन बदलताना अशी क्रियापदं आणि ‘तिथे’, ‘त्या वेळी’, ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द हमखास मागे राहतात.

आता मर्यादा. ‘मी’ आणि वर्तमानकाळ हे दोन वेगळे निर्णय आहेत, ते जोडीनेच घ्यायला हवेत असं नाही. हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. त्यात यमू स्वतःची कहाणी मागे वळून सांगते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन अशी पात्रं आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलतात. मागे वळून बोलणाऱ्या ‘मी’कडे वर्तमानकाळाकडे नसलेली एक गोष्ट असते: तेव्हा काय कळलं नाही, हे आता कळल्याचं दुःख. ते हवं असेल, तर मागाहूनचं ज्ञान काढून टाकणं म्हणजे कथेचा गाभाच काढणं. ‘पूल वाहून गेला होता, हे तिला माहीत नव्हते’ हे वाक्यही मुळात वाईट नाही. वाचकाला आधी सांगून पात्राला पाण्यात पाठवणं, हा ताण निर्माण करण्याचा जुना आणि पक्का मार्ग आहे. फक्त तो निवडून वापरावा.

वर्तमानकाळाला लांबचा पल्लाही झेपत नाही. ‘त्यानंतर तीन वर्षं ती त्या रस्त्याने गेली नाही’ हे भूतकाळात एका वाक्यात होतं. वर्तमानकाळ क्षणाला बांधलेला असतो. इंग्रजीत या काळात लिहिलेल्या कादंबऱ्यांची लाट आली, तेव्हा २०१० साली फिलिप पुलमन यांनी तिच्यावर जाहीर टीका केली होती. हिलरी मँटेल यांची ‘वुल्फ हॉल’ (२००९) मात्र तृतीय पुरुषात आणि वर्तमानकाळात उभी आहे, आणि सोळाव्या शतकातली माणसं त्यात आज घडल्यासारखी वावरतात.

कधी कधी तर काळ बदलायचीही गरज नसते. ‘वंदना ओढ्याशी आली. फरशी कुठेच नव्हती, नुसतं तांबडं पाणी. घोटाभरच असेल. तिने गाडी पाण्यात घातली.’ इथे तृतीय पुरुष आहे, भूतकाळ आहे, तरी आपण तिच्याच डोळ्यांनी पाहतो, कारण ‘तिला दिसले’ आणि ‘तिला वाटले’ निघून गेले आहेत. म्हणून निर्जीव परिच्छेद हाती आला की आधी एवढंच करून पाहावं. त्यानंतरही प्रसंग दूर वाटला, तर ‘मी’ आणि वर्तमानकाळाकडे वळावं.

आणि भूतकाळातल्या लांब कथेत एकच प्रसंग वर्तमानात आणायचा असेल, तर त्याची वाट बोलीत तयार आहे. ‘ओढ्याशी पोहोचले, बघते तर फरशीच नाही’ असं आपण रोज बोलतो. ‘बघते तर’ म्हणताच कानाला न खटकता काळ बदलतो. परतताना मात्र नवा परिच्छेद आणि ‘दुसऱ्या दिवशी’सारखा काळ सांगणारा शब्द हवा. एकाच परिच्छेदात ‘घालते’, ‘वाढले’, ‘वळते’, ‘सुटले’ असं हेलकावत राहिलं, तर वाचकाला आपण कुठे उभे आहोत, तेच कळत नाही, आणि मग वंदनाच्या पायाखालची फरशी त्याला कधीच जाणवत नाही.