दोनशे दहा कुठून आले?

अकरावीच्या गणितात एक प्रश्न वर्षानुवर्षं चालत आला आहे. ७ व्यंजनं आणि ४ स्वर दिले आहेत; त्यांतली ३ व्यंजनं आणि २ स्वर घेऊन पाच अक्षरांचे किती शब्द तयार होतील? शब्दाला अर्थ असायलाच हवा असं नाही. बरोबर उत्तर २५,२००. चूक उत्तरं मात्र वाटेल तशी विखुरलेली नसतात. २१०, २,५२० आणि ३,०२,४०० या तीन जागी मुलं हमखास अडकतात. लाल पेन्सिलीला तिन्ही उत्तरं सारखीच चूक दिसतात. प्रत्यक्षात या तीन मुलांचं दुखणं वेगवेगळं आहे, आणि त्यांतल्या एकाला आपण सरसकट जो सल्ला देतो त्याने तो आणखी लांब जातो.

आधी सरळ वाट पाहू. सातांतून तीन व्यंजनं क्रमाने रांगेत लावायची तर पहिल्या जागेसाठी ७ पर्याय, दुसऱ्यासाठी ६, तिसऱ्यासाठी ५. गुणाकार २१०. हे ७P३, म्हणजे परम्युटेशन. पण रांग नको, नुसती तीन अक्षरं उचलून मुठीत धरायची असतील, तर प्रत्येक मूठ या २१० मध्ये ६ वेळा मोजली गेली आहे, कारण तीन अक्षरांच्या ६ रांगा होतात. म्हणून ६ ने भागायचं आणि ३५ घ्यायचे. हे ७C३, म्हणजे कॉम्बिनेशन. तसेच ४ स्वरांतून २ निवडायच्या रीती ४C२ = ६. आता ३५ × ६ = २१० एवढे पाच-पाच अक्षरांचे गट मिळाले. एका गटाचे ५! म्हणजे १२० शब्द होतात. २१० × १२० = २५,२००. निवड एकदा, मांडणी एकदा.

ज्याचं उत्तर २१० आहे त्याने निवड नीट केली आणि तिथेच थांबला. त्याला प्रश्नातला ‘शब्द’ दिसला नाही, एवढंच. या मुलाची समज बहुतेक ठीक असते. त्याला ‘मठ’ आणि ‘ठम’ हे एकच का, असं विचारलं तर तो स्वतःच पुढची ओळ लिहितो.

३,०२,४०० आले असतील तर कागदावर ७P३ × ४P२ × ५! असं काहीतरी सापडतं. बरोबर उत्तराने भागलं की १२ येतात, आणि १२ म्हणजे ३! × २!. तीन व्यंजनांचा आपसातला क्रम आणि दोन स्वरांचा आपसातला क्रम एकदा P मध्ये मोजला गेला, मग ५! मध्ये पुन्हा मोजला गेला. शेजारी शब्दांत काय लिहिलंय तेही बघावं. ‘व्यंजने निवडण्याच्या रीती = ७P३’ असं वाक्य असेल तर संशयाला जागा उरत नाही. या मुलाच्या डोक्यात P हेच निवडीचं चिन्ह आहे. निवड आणि क्रम यांची खरी गल्लत ती ही.

आता २,५२०. इथे कागदावर ७P३ × ४P२ एवढंच असतं, २१० × १२. तपासणारा P पाहतो आणि सवयीने समासात लिहितो, ‘C वापरा’. मुलगा आज्ञाधारक असेल तर P खोडून C करतो आणि त्याचं उत्तर २१० होतं, म्हणजे बरोबर उत्तरापासून आधीपेक्षाही दूर. मुळात क्रम त्याने विसरलेलाच नव्हता. व्यंजनं आपसात लावली, स्वर आपसात लावले. फक्त पाच जागांपैकी व्यंजनांच्या तीन जागा कोणत्या, हे त्याने ठरवलं नाही. आधी सगळी व्यंजनं आणि मग सगळे स्वर असं मनात धरलं. २५,२०० ला २,५२० ने भागा. १० येतात, आणि पाच जागांतून तीन निवडायच्या रीतीही ५C३ = १० च आहेत. म्हणजे या मुलाची सुटलेली गोष्ट ही निवडच आहे, पण ती अक्षरांची नव्हे, जागांची. त्याला एक गुणाकार पुरेसा आहे. P ला हात लावायचं कारण नाही.

भागाकार करून पाहायची ही सवय तपासणाऱ्याने लावून घ्यावी. चूक उत्तर बरोबर उत्तराच्या ६ पट, २४ पट, १२० पट निघालं तर क्रम फाजील मोजला गेल्याचा दाट संशय घ्यावा. ते सहावा किंवा चोविसावा भाग असेल तर क्रम गळाला असावा. पण भागाकारावर पूर्ण विसंबू नये, आणि याच प्रश्नात त्याचं झकास उदाहरण दडलं आहे. एखाद्याने स्वरांकडे ढुंकूनही न पाहता ७P३ × ५! लिहिलं, तर उत्तर काय येईल? २१० × १२०, म्हणजे २५,२००. अगदी बरोबर! योगायोग असा की ४C२ ही किंमत ६ आहे आणि ३! सुद्धा ६ आहे, त्यामुळे ३५ × ६ मधून आलेले २१० आणि ७ × ६ × ५ मधून आलेले २१० वरून ओळखू येत नाहीत. पहिले २१० हे पाच अक्षरांचे गट आहेत. दुसरे २१० ही तीन व्यंजनांची रांग आहे, तीत स्वर नाहीतच. चौकटीत २१० दिसले म्हणून टिक करून स्टेपचे मार्क दिले, तर ते कशाचे दिले हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पेपर काढणाऱ्याने ४ च्या जागी ५ स्वर दिले असते तर बरोबर उत्तर ४२,००० झालं असतं आणि ही फसवी वाट लगेच उघडी पडली असती. प्रश्नातले आकडे निवडताना हा विचार फार कमी होतो, असं माझं मत आहे.

हा भेद आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून किती रूपं होतील, असा प्रश्न आहे. उत्तर ३६,२८,८००, कारण कोणतं आयुध कोणत्या हातात यावर रूप बदलतं. त्याच ग्रंथात सहा रसांच्या मिश्रणांचाही प्रश्न आहे. एक-एक, दोन-दोन असे करत सहाही रस घेतले तर ६३ प्रकार होतात. तिथे आंबट आधी पडलं की तिखट, याला महत्त्व नाही.

आता अशी एक चूक, जिच्यात पूर्ण पानावर P सापडत नाही. ७ मुलगे आणि ५ मुली यांतून पाच जणांची समिती करायची आहे, तीत किमान ३ मुली हव्यात. बरोबर रीत अशी की प्रकार वेगळे काढायचे. ३ मुली २ मुलगे: १० × २१ = २१०. ४ मुली १ मुलगा: ५ × ७ = ३५. पाचही मुली: १. एकूण २४६. (इथेही २१० आलेच.) पण हुशार मुलांनाही मोहात पाडणारी एक छोटी वाट आहे. आधी ३ मुली निवडून अट पुरी करायची, मग उरलेल्या ९ जणांतून कोणीही दोन घ्यायचे. ५C३ × ९C२ = १० × ३६ = ३६०.

३६० ला २४६ ने भागलं तर पूर्णांक येत नाही. त्यामुळे तपासणाऱ्याला वाटतं, ही क्रमाची चूक नव्हे, कुठेतरी वेगळंच काही बिघडलं. बिघडलेला क्रमच आहे, फक्त तो लपून बसला आहे. अनघा, बकुळा, चित्रा, दीपा आणि राजू अशी एक समिती घ्या. या मुलाच्या हिशेबात ती अनघा-बकुळा-चित्रा आधी आणि दीपा-राजू नंतर, अशी एकदा आली. बकुळा-चित्रा-दीपा आधी आणि अनघा-राजू नंतर, अशी पुन्हा आली. ‘आधीच्या तिघी’ कोण, हे चार रीतींनी ठरतं, म्हणून चार मुलींची प्रत्येक समिती ४ वेळा मोजली गेली. पाचही मुलींची समिती १० वेळा. तीन मुलींच्या समित्या मात्र एकेकदाच. २१० + (३५ × ४) + (१ × १०) = ३६०. हिशेब तंतोतंत जुळतो. सगळ्या समित्या सारख्याच पटीने मोजल्या गेल्या नाहीत, म्हणून भागाकाराला काही बोलता आलं नाही.

कागदावर याची खूण कुठे शोधायची? ‘उरलेले ९’ या शब्दांवर. उरलेल्यांतून निवड करणं मुळात चूक नाही. पण दुसऱ्या टोपलीत पहिल्या टोपलीतलीच माणसं शिल्लक असतील आणि समितीत दोघांचं काम एकच असेल, तर पहिली आणि दुसरी खेप असा एक नकळत क्रम तयार होतो. इथे नवांत दोन मुली आहेत, त्याच पाचांतल्या. दुसरी निवड फक्त ७ मुलग्यांतून केली असती तर हा धोका नव्हता. तसंच पहिल्या तिघींना कार्यकारिणी आणि पुढच्या दोघांना सल्लागार म्हटलं असतं तर ३६० हेच बरोबर उत्तर ठरलं असतं. म्हणून प्रश्नाची भाषा पुन्हा वाचल्याशिवाय मुलाच्या उत्तरावर काट मारू नये. ‘अध्यक्ष’ आणि ‘सदस्य’ यांतला फरक एका शब्दाने पडतो.

ज्याची वही वाचूनही खात्री होत नाही त्याला सूत्र पुन्हा सांगण्यापेक्षा प्रश्न लहान करून द्यावा. मुली तीन, अ, ब, क. मुलगा एक, र. दोघांची समिती, किमान एक मुलगी. तुझ्याच रीतीने कर आणि सगळ्या समित्या लिहून दाखव. तो आधी एक मुलगी निवडेल, मग उरलेल्या तिघांतून एक जण, ३ × ३ = ९. यादी अब, अक, अर, बअ, बक, बर, कअ, कब, कर अशी होईल. इथे दोन तऱ्हेची मुलं दिसतात. एक तऱ्हा यादी संपायच्या आत थबकते आणि बअ, कअ, कब स्वतःच खोडते, सहा उरतात. त्याला फरक कळतो, सूत्राने त्याला फसवलं होतं. दुसरी तऱ्हा नऊच्या नऊ ठेवते. त्याला अब आणि बअ यांत कोण काय वेगळं करतं ते विचारावं. ‘अ अध्यक्ष आहे ना’ असं उत्तर आलं, तर त्याने प्रश्नात नसलेली पदं वाटली आहेत, आणि दुरुस्ती वाचनाची आहे. ‘काही नाही, पण वेगळं लिहिलंय’ असं आलं, तर मात्र P आणि C बाजूला ठेवून अशा याद्या हाताने लिहिण्यापासून सुरुवात करावी लागते.