‘वाक्यात उपयोग करा’ म्हणजे नेमके काय करायचे?

सहावी ते आठवीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो : ‘खालील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ मुले अर्थ पाठ करतात, तो बरोबर लिहितातही. गाडी अडते ती वाक्यापाशी. ‘हातावर तुरी देणे’ हा एकच वाक्प्रचार घेऊन ती कुठे अडते ते पाहू.

आधी अर्थ. वाक्प्रचार ‘देणे’ असा संपतो, म्हणून अर्थही त्याच रूपात हवा : ‘डोळ्यांदेखत फसवून निसटणे’. नुसते ‘फसवणूक’ लिहिले तर उत्तर अर्धवट राहते, कारण निसटून जाणे हा त्यातला महत्त्वाचा भाग गळतो. दुकानदाराने वजनात मारले, तर ती फसवणूक झाली. पण तिथे कोणी हातावर तुरी दिली नाही.

आता वाक्य. पहिला प्रयत्न बहुधा असा असतो : ‘राजूने हातावर तुरी दिली.’ व्याकरणात चूक नाही, पण राजूने काय केले ते कळत नाही. दुसरा प्रयत्न : ‘चोर हातावर तुरी देऊन पळाला.’ हे बरे आहे. पण कोणाच्या हातावर? या वाक्प्रचारात फसणारा दुसरा कोणीतरी लागतोच. तिसरे वाक्य पाहा : ‘पोलिसांनी वाड्याला चारही बाजूंनी वेढा घातला होता, तरी चोर त्यांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला.’ इथे वेढा आहे, फसलेले पोलीस आहेत आणि निसटलेला चोरही आहे. पूर्ण गुण मिळावेत असे हे वाक्य.

वाक्य जमले की नाही, हे घरीच तपासता येते. वाक्प्रचारावर बोट ठेवून तो झाका आणि उरलेले वाक्य वाचा. त्या जागी काय असेल याचा अंदाज आला, तर वाक्य जमले. ‘राजूने ... दिली’ या वाक्यात काहीही बसते. वेढ्याच्या वाक्यात फसवून निसटण्याशिवाय दुसरे फारसे काही बसत नाही.

दुसरी अडचण क्रियापदाची. ‘पोटात कावळे ओरडणे’ म्हणजे खूप भूक लागणे. भूक मीनाला लागते, म्हणून मुले ‘मीना पोटात कावळे ओरडली’ असे लिहून जातात. पण ओरडतात ते कावळे, मीना नव्हे. म्हणून ‘डबा घरीच राहिल्याने मधल्या सुट्टीत मीनाच्या पोटात कावळे ओरडू लागले’ हे बरोबर. तसेच ‘तोंडाला पाणी सुटणे’. जिलेबी राजूने पाहिली काय किंवा मीनाने, पाणी ‘सुटले’च. क्रियापद कोणामागे चालते ते आधी शोधले, की या चुका आपोआप थांबतात.

तिसरी चूक शब्दशः अर्थाची. ‘अंग चोरणे’ वाचून मुलांना चोरी आठवते. खरा अर्थ कामात कुचराई करणे : ‘सगळी मुले मैदान झाडत होती, पण गणू अंग चोरून नुसताच झाडू हलवत होता.’ ‘कान टोचणे’ म्हणजे चूक स्पष्टपणे दाखवून देणे आणि ‘कान फुंकणे’ म्हणजे चहाड्या करून मन कलुषित करणे. कान तोच, पण पहिले काम हितचिंतक करतो आणि दुसरे चहाडखोर. अशा जोड्या शेजारी शेजारी लिहून ठेवल्या, तर गोंधळ होत नाही. मार्गदर्शकातला अर्थ अपुरा वाटला, तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ ग्रंथालयात मिळतो का ते पाहावे.

म्हणीची रीत वेगळी. वाक्प्रचार वाक्यात मिसळतो, काळ आणि लिंगानुसार बदलतो. म्हण स्वतःच पूर्ण विधान असते, ती जशीच्या तशी ठेवावी लागते. म्हणून तिच्यासाठी आधी प्रसंग रचायचा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हिला दोन गोष्टी लागतात : स्वतःचा कमीपणा आणि दुसऱ्यावर ढकललेला दोष. ‘संदीपने महिनाभर सराव केला नाही आणि हरल्यावर खेळपट्टीला नावे ठेवू लागला. म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडे!’ सरावाचा उल्लेख काढून टाका, म्हण लगेच लंगडी पडते. कारण खेळपट्टी खरोखरच खराब असेल, तर संदीपची तक्रार रास्त ठरते.

पाठ केलेले वाक्य परीक्षेत चालून जाते. पण अर्थ कळला का, हे पाहायचे असेल तर मुलांना त्याच वाक्प्रचाराचे दुसरे वाक्य मागावे, चोर-पोलीस वगळून. ‘आईने दार अडवले होते, तरी बंड्या तिच्या हातावर तुरी देऊन खेळायला पळाला,’ असे कोणी लिहिले, तर त्या मुलाला हा वाक्प्रचार खरोखर कळला आहे.