शास्ते म्हणजे बदाम सत्ती

बायबल हाती घेतले की एकच जाडजूड ग्रंथ दिसतो, पण त्याच्या आत ६६ निरनिराळी पुस्तके आहेत. कॅथलिकांच्या बायबलमध्ये ती ७३ भरतात. कुणाचे पुस्तक दीडशे अध्यायांचे, तर कुणाचे जेमतेम एका पानाचे. प्रार्थनेच्या वेळी पाळक ‘नहूम, पहिला अध्याय’ असे म्हणतात आणि पाने फडफडू लागतात. ज्याला क्रम येतो तो थेट मीखाच्या पुढे जातो, बाकीचे गुपचूप अनुक्रमणिका काढतात. म्हणून संडे स्कूलमध्ये मुलांकडून हा क्रम पाठ करून घेतात, बहुधा चालीवर.

चालीवर पाठ केलेल्या क्रमाची एक गंमत आहे. मूल ‘उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद’ असे धडाधड म्हणते, पण ‘रूथच्या आधी कोणते?’ असे विचारले की ते पुन्हा उत्पत्तीपासून सुरू करते. मधूनच शिरता येत नाही, उलटे जाणे तर दूरच. शिवाय त्या नावांमागे काय गोष्ट आहे, याचा चालीशी काहीच संबंध नसतो. पत्त्यांच्या खेळाकडे वळायचे ते यासाठी. मात्र बाजारात मिळतो तसा जोड्या लावण्याचा खेळ जसाच्या तसा घेऊन भागत नाही. त्यात सगळे पत्ते पालथे मांडतात, दोन उलटायचे आणि जोडी जमली की आपल्याकडे ठेवायची. तारवाचे चित्र आणि ‘उत्पत्ती’ हे नाव यांची जोडी त्यात छान लक्षात राहते. पण पहिली जोडी मलाखीची निघाली काय आणि मत्तयची निघाली काय, खेळाला फरक पडत नाही. क्रम त्या खेळाच्या नियमात कुठेच नसतो आणि जे नियमात नाही ते मूल शिकत नाही.

क्रम नियमात आणायची सोय आपल्या घराघरांत आधीच आहे. बदाम सात! बदामाची सत्ती खाली पडते, मग एका बाजूला सहा लागतो, दुसऱ्या बाजूला आठ, आणि ओळ दोन्ही अंगांनी वाढत जाते. बायबलची पहिली बारा पुस्तके घेतली, तर सातवे पुस्तक येते शास्ते. म्हणून संच बारांचाच करायचा, उत्पत्तीपासून दुसऱ्या राजेपर्यंत, आणि शास्तेला सत्तीचा मान द्यायचा. बारांवर थांबण्याचे आणखी एक कारण आहे. इथपर्यंत गोष्ट सलग पुढे जाते. तेरावे पुस्तक, पहिले इतिहास, पुन्हा आदामापासून वंशावळी सांगू लागते आणि धागा तुटतो. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या याद्या वेगळ्या होतात त्याही नहेम्यानंतर, त्यामुळे हा संच वसईच्या धर्मशिक्षण वर्गातही चालतो आणि अहिल्यानगरच्या संडे स्कूलमध्येही. कोकणातल्या बेने इस्रायली घरात मात्र रूथ जागेवर सापडणार नाही. हिब्रू शास्त्रात ती खूप पुढे, स्तोत्रांच्या विभागात बसते.

आता मांडणी. बारा पत्त्यांवर चित्रे, बारांवर नावे. शास्तेची जोडी मध्ये उघडी ठेवायची. उरलेली अकरा नावे एका बाजूला उघडीच, पण विस्कटून. अकरा चित्रे मात्र पालथी, चार-चार-तीनच्या ओळींत. पाळी आली की एकच चित्र उलटायचे, सगळ्यांना दाखवायचे आणि पुस्तकाचे नाव सांगायचे. ते ओळीच्या कुठल्या तरी टोकाला लागत असेल तर त्याचे नाव उचलून जोडी लावायची, नाहीतर चित्र होते त्याच जागी पालथे घालायचे. नावेही पालथी ठेवावीत असा मोह होतो. पण ओळीला कोणत्याही वेळी फार तर दोनच पुस्तके लागू शकतात. अकरांतून त्यातले चित्र निघायचे आणि मग अकरांतून नेमके त्याचेच नाव निघायचे, हा योग सुरुवातीला साधारण साठात एकदा येतो. तेवढा धीर आठ वर्षांच्या मुलाकडे नसतो. नावे उघडी ठेवली की तोच योग साडेपाचांत एकदा येतो आणि खेळ चालता राहतो.

चार मुले खेळत आहेत असे धरू. पहिलीने उलटले, निघाली गोफण. ‘पहिले शमुवेल.’ बरोबर, पण शास्तेला लागत नाही, पालथे घाला. दुसऱ्याला सातूच्या पेंढ्या मिळाल्या. ही रूथ, शास्तेच्या उजवीकडे लागली. आता रूथच्या पुढे काय हवे? पहिले शमुवेल. तिसरीने लक्ष दिले असेल, तर तिचा हात सरळ त्या गोफणीवर जातो. चौथ्याला अग्निरथ दिसतो. तो दुसऱ्या राजेचा, म्हणजे उजव्या टोकाचा शेवटचा पत्ता. तो कुठे आहे हे ध्यानात ठेवून सगळ्यांनाच वाट पाहावी लागते. ही वाट पाहणे हेच खेळाचे काम. प्रत्येक पाळीला मूल मनात घोकते की अजून पहिले राजे यायचे आहे, मग रथ. घोकत असल्याचे त्याला कळतही नाही.

गुण मोजायला चिंचोके पुरतात. जोडी लावली की एक चिंचोका आणि शेजारच्या पुस्तकाशी दुवा सांगितला की आणखी एक. दुवा म्हणजे एका वाक्यात या गोष्टीचे त्या गोष्टीशी नाते. रूथची गोष्ट शास्ते राज्य करीत त्या काळातली, असे त्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत आहे. रूथचा पणतू दावीद, आणि गोफण फिरवणारा तोच. दुसऱ्या चिंचोक्यासाठी मुले एकमेकांवर कुरघोडी करतात आणि मोठ्यांना गोष्ट सांगायला आयतीच जागा मिळते. जोडी लावली म्हणून आणखी एक पाळी, हा नेहमीचा नियम मात्र काढून टाकावा. नाहीतर ज्याला आधीच येते तोच ओळ पुरी करून मोकळा होतो.

खरी डोकेफोड आहे चित्रांची. एक चित्र एकाच पुस्तकात बसले पाहिजे. उत्पत्ती म्हटले की प्रत्येकाला नोहाचे तारू सुचते. पण मला वाटते योसेफाचा रंगीबेरंगी झगा बरा. योसेफामुळेच सारे कुटुंब मिसर देशात जाते आणि निर्गम तिथूनच सुरू होतो. झग्याला दुवा आहे, तारवाला नाही. निर्गमाला दुभंगलेला समुद्र द्यावा. दगडी पाट्या देऊ नयेत, कारण दहा आज्ञा अनुवादातही पुन्हा येतात. मान्ना निर्गमातही आहे आणि गणनेतही. साप तर उत्पत्तीत, निर्गमात आणि गणनेत अशा तिन्ही ठिकाणी निघतो. त्यामुळे गणनेसाठी हेरांनी दांडीवर लटकवून आणलेला द्राक्षांचा घोस घ्यावा. नाशिककडच्या मुलांना तो समजावून सांगावाही लागत नाही.

यहोशवा आणि शास्ते यांत एक फसगत दडलेली आहे. यरीहोचा तट पडतो तेव्हा शिंगे वाजतात आणि गिदोनाचे तीनशे लोक रात्री छावणीवर जातात तेव्हाही शिंगे वाजतात. दोन्ही पत्त्यांवर शिंगे काढली की मुले हमखास अडखळतात. म्हणून यहोशवाच्या पत्त्यावर नुसता ढासळणारा तट आणि शास्तेच्या पत्त्यावर फुटलेले मडके व आतली मशाल. शिंग दोन्हीकडून गायब. लेवीय सगळ्यात अवघड, कारण ते जवळजवळ सगळे नियमांचे पुस्तक. तरी प्रायश्चित्ताच्या दिवशी रानात सोडून दिलेला बकरा तिथे आहे आणि एकटा रानात निघालेला बकरा मुलांच्या मनात घर करतो. अनुवादासाठी डोंगरमाथ्यावरून वचनदत्त देश पाहणारा मोशे. त्याला तिथे जाता येत नाही, पुढे जातो तो यहोशवा, हा दुवा. दुसऱ्या शमुवेलात दावीदाच्या पंक्तीला बसणारा लंगडा मफीबोशेथ आहे, त्यासाठी ताटाशेजारी ठेवलेल्या कुबड्या काढाव्यात. तो योनाथानाचा मुलगा, म्हणजे शौलाचा नातू, त्यामुळे पहिल्या शमुवेलाशी गाठ आपोआप पडते. पहिल्या राजेत शलमोनाचे मंदिर काढले, तर पुढे इतिहासाच्या संचात तेच पुन्हा येऊन घोळ होईल. त्यापेक्षा एलीयाला भाकरी आणून देणारे कावळे काढावेत. दुसऱ्या राजेत तोच एलीया अग्निरथाच्या वेळी वावटळीतून वर जातो. एकाच माणसाची दोन चित्रे शेजारी लागली की दोन राजे आपसांत बदलत नाहीत.

कावळ्यांच्या पत्त्यावर एलीया न काढलेलाच बरा, आणि ही गोष्ट सगळ्याच पत्त्यांना लागू आहे. दाढीवाला म्हातारा काढला की तो मोशे, शमुवेल की एलीया हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. वस्तू काढावी, मोठी आणि एकच. मोशेच्या पत्त्यावरही डोंगर मोठा, माणूस पाठमोरा आणि लहान.

छपाईत चूक झाली तर खेळ फुकट जातो. मुले पालथा पत्ता त्याच्या डागावरून ओळखतात, आठवणीवरून नव्हे. पत्त्याच्या पाठीला चौकट देऊ नये. दुतर्फा छपाईत पाठ जराशी सरकते, मग प्रत्येक पत्त्याची किनार वेगळी दिसते. बारीक, दाट नक्षी असावी, जिला वरची-खालची बाजू नाही. कागद ३०० जीएसएमचा घ्यावा आणि उजेडाकडे धरून चित्र पलीकडे दिसत नाही ना ते पाहावे. अडीच इंचांचे चौकोनी पत्ते केले तर १२ बाय १८ इंचांच्या एका कागदात चोवीसही बसतात. लॅमिनेशन मॅट करावे, चकचकीत पत्ते घसरतात. कोपरे गोल कापले नाहीत तर एक तरी दुमडतो आणि मग ‘तो दुमडलेला म्हणजे द्राक्षे’ एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहते. चित्रावर पुस्तकाचा क्रमांक घालू नये. ताळा पाहायचा तर यादीचा वेगळा कागद मोठ्यांकडे ठेवावा.

खेळ लागू पडला की नाही, हे आठवड्याभराने कळते. नुसत्या नावांचे पत्ते द्यावेत, चित्रे बाजूला ठेवावीत आणि सत्ती बदलावी, म्हणजे शास्तेऐवजी निर्गम किंवा पहिले शमुवेल मध्ये ठेवावे. ज्याने जागा पाठ केल्या, तो इथे अडतो. आणखी एक खूण म्हणजे मूल ‘गोफण म्हणजे पहिले शमुवेल’ असे फटकन सांगते, पण ती कोणी कोणावर फिरवली हे विचारले की गप्प बसते. त्याला लेबल आले आहे, गोष्ट आलेली नाही. अशा वेळी जोडीचा चिंचोका बंद करून फक्त दुव्याचा चालू ठेवावा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना शास्तेच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन पुस्तकेच द्यावीत, म्हणजे गणनेपासून दुसऱ्या शमुवेलापर्यंत.

हीच युक्ती पुढे सगळीकडे चालेल असे नाही. बारा लहान संदेष्ट्यांत योनाला मासा मिळतो, पण ओबद्याचे पुस्तक एकाच अध्यायाचे, २१ ओव्यांचे, आणि त्यात गोष्ट नाही. नव्या करारात पौलाची पत्रे आहेत. ती लिहिल्याच्या क्रमाने लावलेलीच नाहीत, त्यामुळे गोष्टीचा दुवा शोधणेच चुकीचे. तिथे दुसरी खूण घ्यावी. आधी मंडळ्यांना लिहिलेली नऊ पत्रे, मग तीमथ्य, तीत, फिलेमोन या माणसांना लिहिलेली चार, आणि प्रत्येक गटात साधारणपणे लांब आधी, आखूड नंतर. म्हणून पत्त्यांवर चित्रांऐवजी गुंडाळ्या काढायच्या, रोमकरांची सर्वांत लांब, फिलेमोनाची बोटभर. पुढचे इब्रीकरांस पत्र पुन्हा लांबलचक आहे आणि तिथे हा नियम मोडतो, म्हणून तो संच १३ पत्त्यांवरच संपवावा.