संवादांमधली जागा ऐकू येण्यासाठी : टीव्हीवर ऑडिओ डिस्क्रिप्शन सुरू करताना

चित्रपटात दोन संवादांच्या मध्ये बरेच काही घडत असते. कोणी दार लावून घेतो, कोणी चिठ्ठी वाचून फाडतो, कोणी नुसतेच मान हलवतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्या प्रेक्षकाला या वेळात फक्त पार्श्वसंगीत ऐकू येते. ऑडिओ डिस्क्रिप्शनमध्ये याच रिकाम्या जागेत एक निवेदक पडद्यावरचे दृश्य थोडक्यात सांगतो. पात्रे काय करत आहेत, कुठे आहेत, चेहऱ्यावर काय उमटले, पडद्यावर कोणती अक्षरे आली, एवढेच तो सांगतो. तो संवादावर बोलत नाही, दृश्याचा अर्थही लावून देत नाही. रहस्य उलगडायचे असेल तर ते पाहणाऱ्याला जेव्हा कळते तेव्हाच ऐकणाऱ्यालाही कळावे, हा या लेखनाचा महत्त्वाचा नियम आहे.

स्ट्रीमिंग ॲपवर हे निवेदन वेगळ्या ध्वनिपट्टीच्या रूपात येते. मूळ संवाद, संगीत आणि निवेदकाचा आवाज आधीच एकत्र मिसळून ती तयार केलेली असते. म्हणजे इंग्रजी, हिंदी, तमिळ अशा भाषा निवडण्याची जी यादी असते, त्याच यादीत ऑडिओ डिस्क्रिप्शनची पट्टी आणखी एक भाषा असल्यासारखी बसलेली असते. एवढे लक्षात राहिले तर पुढचे बहुतेक घोटाळे आपोआप सुटतात, कारण बहुतेक जण ही सोय चुकीच्या ठिकाणी शोधतात.

घरात नवा स्मार्ट टीव्ही आला की त्याच्या सेटिंगमध्ये ‘Accessibility’ नावाचा भाग सापडतो, त्यात ‘Audio Description’ असे बटणही असते. ते चालू केले जाते, मग ॲप उघडून चित्रपट लावला जातो आणि निवेदक काही बोलत नाही. अनेक टीव्हींवर हे बटण फक्त अँटेनातून किंवा थेट टीव्हीला जोडलेल्या केबलमधून येणाऱ्या प्रक्षेपणासाठी असते. प्रक्षेपणातच निवेदनाची पट्टी पाठवलेली असेल तर टीव्ही ती वाजवतो. ब्रिटनमध्ये वाहिन्यांना आपल्या कार्यक्रमांचा ठरावीक वाटा असा द्यावा लागतो, त्यामुळे तिथे या बटणाचा रोज उपयोग होतो. भारतात सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय तारेने जोडलेला असतो. आवाज कोणता घ्यायचा हे अशा वेळी बॉक्स ठरवतो, टीव्ही नाही. शिवाय बॉक्समधून येणाऱ्या वाहिनीवर निवेदन नसेल तर कोणतेही बटण ते निर्माण करू शकत नाही.

दुसरा गोंधळ स्क्रीन रीडरचा. स्क्रीन रीडर मेनू वाचतो : रिमोटने कोणत्या चौकटीवर आलो, कोणते नाव आहे, बटण चालू की बंद. अँड्रॉइड टीव्हीवर त्याला ‘TalkBack’ म्हणतात, फायर टीव्हीवर ‘VoiceView’, सॅमसंगवर ‘Voice Guide’, ॲपलवर ‘VoiceOver’. तो चित्रपटातले दृश्य सांगत नाही. अंध व्यक्तीला स्वतः रिमोट हाताळायचा असेल तर दोन्ही गोष्टी लागतात : स्क्रीन रीडर चित्रपटापर्यंत पोहोचवतो आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन चित्रपटाच्या आत नेते. घरच्यांनी स्क्रीन रीडर चालू करून ‘आता सगळे ऐकू येईल’ असे समजणे, किंवा मेनूच्या वाचनाला कंटाळून नेमका तोच बंद करणे, हे दोन्ही प्रकार सर्रास घडतात.

प्रत्यक्ष कृतीसाठी एक ठरावीक उदाहरण घेऊ. टीव्हीला फायर टीव्ही स्टिक लावली आहे, त्यावर नेटफ्लिक्स आहे, आणि एका अंध विद्यार्थिनीला ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पहिल्या भागापासून ऐकायची आहे. पहिले काम म्हणजे स्क्रीन रीडर. रिमोटवरचे परतीचे बटण आणि तीन रेघांचे मेनूचे बटण एकत्र सुमारे दोन सेकंद दाबून धरले की ‘VoiceView’ सुरू होतो आणि तसे बोलून सांगतो. पुन्हा तसेच केले की बंद होतो. हे जमले की कोणाला सेटिंग उघडून देण्याची विनंती करावी लागत नाही.

मग नेटफ्लिक्स उघडून मालिका शोधायची आणि पहिला भाग लावायचा. भाग सुरू झाल्यावर रिमोटने नियंत्रणे पडद्यावर आणायची आणि त्यांतल्या ‘Audio & Subtitles’ या चौकटीवर जायचे. तिथे ध्वनीची यादी आणि सबटायटलची यादी अशा दोन याद्या असतात. ध्वनीच्या यादीत मूळ इंग्रजीची नोंद आणि ‘English - Audio Description’ ही नोंद वेगवेगळ्या असतात. दुसरी निवडायची. स्क्रीन रीडर प्रत्येक नोंद मोठ्याने वाचत असल्याने निवड योग्य झाली की नाही हे ऐकून कळते. सबटायटलच्या यादीला हात लावण्याची गरज नाही. प्राइम व्हिडिओवरही मार्ग असाच आहे, फक्त नोंद ‘English [Audio Description]’ अशी दिसते.

निवड लागू झाली का, हे तपासायला या मालिकेची सुरुवात फार उपयोगी आहे. प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटातला एक माणूस भेदरून लांब कॉरिडॉरमधून धावत येतो, लिफ्टचे बटण पुन्हा पुन्हा दाबतो, आत शिरतो, वर पाहतो आणि वरूनच कोणीतरी त्याला उचलून नेते. या सगळ्यात संवाद नाही. निवेदन नसेल तर धोक्याची घंटा, धावण्याचा आवाज, धापा आणि गुरगुर एवढेच ऐकू येते, आणि कोण पळाले, कुठे गेले, काय झाले हे अजिबात समजत नाही. निवेदन चालू असेल तर हे सारे एका शांत, सरळ आवाजात ऐकू येते. पडद्यावर ‘हॉकिन्स, इंडियाना, ६ नोव्हेंबर १९८३’ अशी अक्षरे येतात, तीही वाचली जातात. त्यानंतर चार मुलगे तळघरात खेळत बसलेले असतात आणि त्यांची बडबड सुरू होते. तिथे निवेदक बराच गप्प राहतो. म्हणून तपासणी अशा बडबडीच्या प्रसंगात करू नये. तिथे शांतता ऐकून अनेक जण ‘चालू झालेच नाही’ असा निष्कर्ष काढतात आणि पुन्हा सेटिंग बदलून बसतात. संवाद नसलेला मिनिटभराचा तुकडा गाठावा, तिथे खरे काय ते कळते.

यादीत नोंदच नसेल तर सहसा भाषेची बाब असते. ऑडिओ डिस्क्रिप्शन ‘चित्रपटाला आहे’ असे नसते, ते चित्रपटाच्या एखाद्या भाषेला असते. वरच्याच मालिकेत हिंदी डबिंग निवडले तर इंग्रजी निवेदन गळून पडते, कारण ती पट्टी इंग्रजीची होती. हिंदी संवादावर इंग्रजी निवेदन मिसळून घेण्याची सोय ॲपमध्ये नसते. हिंदी निवेदन हवे असेल तर कोणीतरी ते हिंदीत लिहून, बोलून, ध्वनिमुद्रित केलेले असले पाहिजे. त्यामुळे घरात इंग्रजी कमी समजणाऱ्या आजोबांसाठी चित्रपट निवडताना आधी यादीत ‘Hindi - Audio Description’ आहे का ते पाहावे, मग चित्रपट ठरवावा. चित्रपटाच्या माहितीच्या पानावर ‘AD’ असे चिन्ह असते. नेटफ्लिक्सच्या शोधात ‘audio description’ टाइप केले तर अशी निवेदने असलेल्या शीर्षकांचा गटही मिळतो.

ही यादी हळूहळू वाढली आहे. नेटफ्लिक्सने एप्रिल २०१५ मध्ये हे निवेदन प्रथम ‘डेअरडेव्हिल’ या मालिकेला दिले. तिचा नायकच अंध आहे, आणि सुरुवातीला त्याची कथा अंध प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नव्हती म्हणून त्यांनी आवाज उठवला होता. भारतात २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांचा थेट उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठान’ चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटी आवृत्तीसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन तयार करण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मराठी चित्रपट ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी मात्र यादी अजून तोकडी आहे, आणि ती उणीव चांगल्या सेटिंगने भरून निघणारी नाही.

कधी पट्टी निवडलेली असते, निवेदक बोलतही असतो, पण ऐकणाऱ्याला समाधान नसते. याचे एक कारण ध्वनीच्या वाटेत सापडते. निवेदनाची पट्टी बरेचदा दोन वाहिन्यांची, म्हणजे साध्या स्टीरिओची असते, तर मूळ पट्टी ५.१ ची असते. मोठ्या स्पीकरच्या संचावर पट्टी बदलताच आवाज एकदम सपाट किंवा हलका वाटतो. हा बिघाड नाही, आवाज थोडा वाढवावा लागतो इतकेच. थेट प्रक्षेपणात वेगळी अडचण येते. काही देशांत निवेदन स्वतंत्र पाठवले जाते आणि टीव्ही ते मूळ आवाजात मिसळतो. टीव्हीचा आवाज डिजिटल तारेतून न उलगडता थेट साउंडबारकडे जात असेल, तर हे मिसळणे घडतच नाही आणि साउंडबारवर निवेदक गायब होतो. टीव्हीच्या स्पीकरवर निवेदन ऐकू येते आणि साउंडबारवर नाही, अशी खूण दिसली की टीव्हीच्या डिजिटल ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘PCM’ निवडून पाहावे. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत हे विशेष उपयोगी पडते.

मोबाइलवर एक अधिक सोपी वाट आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘Accessibility’ मध्ये ‘Audio Descriptions’ चालू केले की साथ देणारी ॲप्स निवेदन असेल तिथे तेच आधी निवडतात, दर वेळी यादी उघडावी लागत नाही. अँड्रॉइड १३ पासून तसाच पर्याय तिथेही आहे. पण ॲपने त्या सूचनेकडे लक्ष देण्याची सोय केलेली नसेल तर चित्रपटाच्या आतली यादीच वापरावी लागते. चाचणी पुन्हा तीच : संवाद नसलेला तुकडा.

एकाच टीव्हीवर सगळे घर चित्रपट पाहते तेव्हा निवेदन आणि इतरांची पसंती यांत तणाव येतो. कोणीतरी पट्टी मूळ इंग्रजीवर परत नेतो, आणि पुढच्या वेळी अंध सदस्याला सगळी वाट पुन्हा चालावी लागते. नेटफ्लिक्ससारख्या ॲपमध्ये त्या व्यक्तीसाठी वेगळे प्रोफाइल केले तर ध्वनीची निवड इतरांच्या निवडीत मिसळत नाही. इतरांना टीव्हीवर मूळ आवाज आणि एकाला मोबाइलवर इअरफोनने निवेदन, असा मधला मार्गही करून पाहता येतो. मात्र दोन उपकरणे एकाच वेळी सुरू केली तरी काही मिनिटांत सेकंद-दोन सेकंदांचा फरक पडतो, आणि टीव्हीवरचा धक्कादायक आवाज निवेदनाच्या आधी ऐकू येतो. मग मोबाइल क्षणभर थांबवून पुन्हा जुळवावा लागतो. त्यापेक्षा एकत्र बसताना सर्वांनीच निवेदनाची पट्टी लावणे अधिक सोयीचे ठरते.